बर्डीवर जुना पीएस४ घ्यायला जाण्याआधीची तयारी

माझ्या भाच्याला दहावीनंतर सोनीचं गेम खेळायचं यंत्र, पीएस४, हवं होतं. नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका दुकानात त्याला १ टीबीचा स्लिम १७,५०० रुपयांत मिळत होता, वर "ऐंशी गेम भरलेले". दुसऱ्या दुकानात तसाच पण साधा स्लिम एका डिस्कसह १९,००० ला होता. त्याला पहिलाच घ्यायचा होता. आम्ही दोघं ज्या तयारीनं गेलो ती इथे लिहून ठेवतो, कारण बाहेरचे गेम अडवणारं सोनीचं कुलूप उघडून विनापरवाना गेम भरलेलं यंत्र दुकानात पाचच मिनिटं पाहून ओळखता येत नाही.

पहिलं काम घरूनच करा. दुकानदाराला फोन करून विचारा, "Settings मध्ये System, त्यात System Information. तिथला System Software चा आकडा सांगा." आकडा 9.00 किंवा 11.00 असेल, तर यंत्र मुद्दाम त्या आवृत्तीवर थांबवलेलं असण्याची दाट शक्यता आहे. या आवृत्त्यांतल्या त्रुटी वापरून सोनीचं कुलूप उघडण्याच्या युक्त्या २०२१ आणि २०२४ मध्ये बाहेर आल्या. पुढच्या अपडेटमध्ये त्या त्रुटी बुजवल्या गेल्या आणि पीएस४ ला मागच्या आवृत्तीवर परत आणता येत नाही. म्हणून असा दुकानदार हमखास बजावतो, "भाऊ, अपडेट करू नका जी." हे एक वाक्य ऐकलं तरी बरंच कळतं. आम्हाला फोनवर 9.00 सांगितलं.

आता ऐंशी गेमांचा हिशेब. १ टीबीच्या पीएस४ मध्ये वापरायला साधारण ८६० जीबी जागा उरते. मोठा गेम ५० ते १०० जीबी खातो. म्हणजे मोठे गेम दहा-पंधरा बसतील, बाकी छोटे किंवा जुन्या यंत्रांवरचे. यादी वाचून दाखवायला सांगा.

जाताना सोबत तीन गोष्टी घ्या: मोबाईलचा हॉटस्पॉट, सोनीच्या ऑनलाइन सेवेचं, म्हणजे पीएसएनचं, एक नवं कोरं खातं आणि कुणाकडून मागून आणलेली एखादी खरी डिस्क. तुमचं नेहमीचं खातं मात्र घरीच राहू द्या. बदल केलेल्या यंत्रावर खातं वापरलं तर यंत्र आणि खातं दोन्ही बंद करण्याचा हक्क सोनीच्या अटींत आहे. खातं गेलं की त्यावर विकत घेतलेले डिजिटल गेमही हाताबाहेर जातात.

दुकानात पोचल्यावर सगळ्यात आधी यंत्रावरचा दिवा बघा, कारण खरी परीक्षा इथेच होते. नारिंगी दिवा म्हणजे यंत्र रेस्ट मोडमध्ये, झोपलेलं. तिथून उठवलं की सगळे गेम छान चालतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजतं. पण कुलूप उघडायची युक्ती यंत्रात कायमची बसत नाही. ती चालू असताना मेमरीत राहते, यंत्र पूर्ण बंद केलं की पुसली जाते. म्हणून दुकानदाराला मेनूतून पूर्ण बंद करायला लावा. दिवा विझला की वायर काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा. वायर नारिंगी दिव्यावर ओढू नका, त्यानं डिस्कवरच्या माहितीला इजा होऊ शकते. आता कुठलाही भरलेला गेम उघडायला सांगा. आमच्यासमोर गेमच्या चित्रांवर कुलूप आलं. युक्ती पुन्हा चालवायला दुकानदारानं पेनड्राइव्ह लावला, ब्राउझर उघडला. पहिल्यांदा यंत्र अडकून बंद पडलं, दुसऱ्यांदा जमलं. घरी वीज गेली की प्रत्येक वेळी हेच करावं लागणार होतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात वीज जाणार नाही असं कोण म्हणेल? भाच्याचा चेहरा तिथेच उतरला.

मग हॉटस्पॉट जोडून नव्या खात्यानं साइन इन करून बघा. जुन्या आवृत्तीवर पीएसएन आत घेत नाही, आधी अपडेट मागतं. अपडेट केलं तर भरलेले गेम चालत नाहीत. थोडक्यात, ऑनलाइन खेळ किंवा भरलेले गेम, दोन्हींतलं एकच मिळतं. याहून वाईट म्हणजे यंत्र आधीच बंदीत असणं. ती बंदी यंत्राच्या स्वतःच्या ओळखीवर असते, त्यामुळे हार्ड डिस्क बदलून किंवा सगळं पुसून ती निघत नाही. ताज्या आवृत्तीवर नव्या खात्यानं साइन इन झालं, तरच यंत्र मोकळं आहे असं समजा. जुन्या आवृत्तीवर असलेल्या यंत्राबाबत ही तपासणी करताच येत नाही, आणि माझ्या मते स्वस्त किमतीचं एक कारण हेच असतं.

तुमची डिस्कही घालून बघा. नव्या गेमची डिस्क अपडेट मागते, म्हणजे असं यंत्र घेतल्यावर पुढे खऱ्या डिस्कही कितपत चालतील याचा भरवसा नाही.

वॉरंटीचं थोडक्यात. सोनीची वॉरंटी यंत्रात बदल केला किंवा अनधिकृत माणसानं ते उघडलं तर लागू होत नाही. मागच्या बाजूच्या स्क्रूवरचं सील फाटलंय का बघा, खोका असेल तर त्यावरचा सीरियल नंबर यंत्राशी जुळवा. नुसती हार्ड डिस्क बदललेली असेल तर घाबरू नका, ती बदलायची मुभा सोनीनंच दिली आहे. "आपली सहा महिन्यांची गॅरंटी" असं दुकानदार म्हणेल, तर ती बिलावर लिहून मागा. सोबत भरलेले गेमही बिलावर लिहायला सांगा. आमच्या दुकानदारानं गेम लिहायला साफ नकार दिला.

त्या नकारामागे कायदा होता. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली विनापरवाना प्रती विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. हक्कभंग करण्यासाठी कुलूप तोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ६५अ खाली वेगळा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. घेणाराही सुटत नाही. संगणक प्रोग्रॅमची विनापरवाना प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणं कलम ६३ब मध्ये येतं, आणि या कायद्यातली संगणकाची व्याख्या इतकी रुंद आहे की गेमचं यंत्र तिच्यात बसतं. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. घरी खेळणाऱ्या पोरावर पोलीस येतील असं मी म्हणत नाही. पण गेमिंग पार्लर टाकायचा विचार करणाऱ्यानं असं यंत्र अजिबात घेऊ नये, कारण तिथे वापर धंद्यासाठी असल्यानं ही सवलत उरत नाही.

आम्ही १९,००० चं साधं यंत्र घेतलं. दीड हजार जास्त गेले, पण डिस्क खेळून झाली की बर्डीवरच बदलून किंवा विकून दुसरी घेता येते. भरलेला गेम कुणाला विकता येत नाही.

घरी आणल्यावर, खातं टाकण्याआधी, एक काम उरतं. जुन्या मालकाचं काहीच राहू नये म्हणून यंत्र पूर्ण पुसा. सोनीच्या साइटवरून पूर्ण पुनर्स्थापनेची फाइल घ्या, ती १ जीबीच्या आसपास असते. पेनड्राइव्हवर ती अशी ठेवा:

```
PS4/UPDATE/PS4UPDATE.PUP
```

यंत्र बंद असताना पॉवरचं बटन दुसरी बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. कंट्रोलर वायरनं जोडा आणि यादीतला सातवा पर्याय, Initialize PS4 (Reinstall System Software), निवडा. तासभर लागेल. मधे वीज जाऊ नये म्हणून आम्ही ते रात्री अकरानंतर इन्व्हर्टरवर केलं.