जत्रेच्या नाटकात भाची चुकली, तेव्हा

फोंड्याकडच्या आमच्या जत्रेत भाचीने नाटकात एक प्रवेश आधीच एन्ट्री घेतली आणि अख्खा मांडव हसला. पुढच्या नाटकाच्या तालमीला ती जाईना. मी तिची उदास गाणी बंद केली आणि १९५७ च्या ‘आशा’मधलं किशोर कुमारचं ‘ईना मीना डीका’ लावलं. त्यातले शब्दच अर्थाविना, त्यामुळे चुकायची भीती नाही. लय इतकी जलद की मागचं घोळवायला सवड मिळत नाही. मग तिनेच फुगडीच्या ठेक्यावर जुळवलं:

‘राजा अजून रंगपटात,
राणी रडते दरबारात!’

ओळ जिची फजिती झाली तिनेच रचावी. आधी मामाने प्रयत्न केला, तेव्हा ते चिडवणं झालं आणि ती ताडकन उठून गेली. संध्याकाळी तालमीत मात्र तिनेच टाळ्या वाजवत सगळ्यांकडून ही ओळ म्हणवून घेतली.