कुस्तीत कानाला मार लागून फुगवटा आला तर काय करावं

कॉलीफ्लॉवर इअर, म्हणजे पैलवानांचा तो कायमचा सुजलेला, गाठाळ कान, एका दिवसात तयार होत नाही. मार लागल्यानंतर आत साचलेलं रक्त वेळेत निघालं नाही, की तो तयार होतो. म्हणून पहिले दोन दिवस हातातून जाऊ देऊ नयेत.

कानाच्या वरच्या भागात कातडीखाली कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वर घट्ट चिकटलेल्या पातळ आवरणातून झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते. पकडीत कान रगडला गेला, डोक्यावर डोकं घासलं, की हे आवरण कूर्चेपासून सुटतं आणि मधल्या फटीत रक्त भरतं. कूर्चेची उपासमार सुरू होते. पुढे तिचा काही भाग मरतो, साचलेल्या रक्ताच्या जागी चिवट तंतू येतात आणि सुटलेलं आवरण वेडीवाकडी नवी कूर्चा बनवू लागतं. तोच घट्ट गाठाळपणा. खालच्या मऊ पाळीत कूर्चा नसते, त्यामुळे ती सहसा शाबूत राहते.

सराव तिथेच थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं हलका दाबून धरा. कातडीवर थेट बर्फ लावू नका. बर्फाने नवा रक्तस्राव कमी होतो, पण साचलेलं रक्त त्याने निघत नाही. दुखणं कमी झालं म्हणून पुन्हा मॅटवर उतरलात, तर सुटलेलं आवरण आणखी सुटतं. वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त गोठायला वेळ लागतो.

कान बोटांनी तपासा. नुसती सूज असेल तर कान लाल आणि जाडसर वाटतो, पण घड्या दिसतात. रक्त साचलं असेल तर कानाच्या पुढच्या बाजूच्या वरच्या घड्या बुजतात आणि बोटाखाली लिबलिबीत, ताणलेला फुगवटा लागतो. शंका असेल तर दुसऱ्या कानाशी ताडून पाहा. ऐकू कमी येणं, चक्कर, कानाच्या छिद्रातून रक्त किंवा कानामागच्या हाडावर काळंनिळं दिसणं यातलं काहीही असेल, तर फुगवट्याची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जा.

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे शक्यतो २४ ते ४८ तासांत पोहोचा. समजा, शनिवारी संध्याकाळी मार लागला आणि रविवारी सकाळी दीड सेंटिमीटरचा मऊ फुगवटा दिसला. त्याच दिवशी गेलात तर डॉक्टर कान बधिर करून जाड सुईने रक्त ओढून काढू शकतात. बुधवारपर्यंत थांबलात, तर रक्ताची गुठळी झालेली असते आणि ती सुईतून येत नाही. मग कानाच्या घडीत लपेल असा बारीक छेद देऊन ती काढावी लागते, पोकळी धुवावी लागते. फुगवटा मोठा असेल तर बरेच डॉक्टर पहिल्या दिवशीही छेदच पसंत करतात. आठवडा उलटला की आत नवे तंतू धरू लागतात आणि काम खूपच अवघड होतं.

दाब दिल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. रक्त निघालं, कान सपाट दिसला, पण आतली फट अजून रिकामीच आहे. ती दाबून बंद केली नाही तर रात्रीत पुन्हा भरते. त्यासाठी कानाच्या पुढे आणि मागे कापसाच्या किंवा गॉजच्या छोट्या गुंडाळ्या ठेवून आरपार टाक्यांनी बांधतात. हा दाब साधारण आठवडाभर राहतो. नुसती डोक्याला गुंडाळलेली पट्टी सैल होते आणि कानाच्या घड्यांत नीट बसत नाही. घरी किंवा तालमीत इंजेक्शनच्या सुईने रक्त काढणं याचसाठी फसतं. वर जंतुसंसर्गाचा धोका आहेच, आणि कूर्चेत पू झाला तर कानाचा आकार रक्तापेक्षाही लवकर बिघडतो.

दुसऱ्या दिवशी कान दाखवून या. रक्त पुन्हा साचलं असेल तर ते पुन्हा काढावं लागतं. असं होणं नवीन नाही, त्याने खचू नका. प्रतिजैविकं लिहून दिली असतील तर पूर्ण घ्या, पट्टी कोरडी ठेवा, त्या कुशीवर झोपू नका. ठणका वाढत गेला, कान गरम लागला, ताप आला किंवा पू दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

टाके निघेपर्यंत झोंबी बंद. धावणं, पायांचा व्यायाम कधी सुरू करायचा ते डॉक्टरांना विचारा. मॅटवर परतताना दोन्ही कान झाकणारं हेडगिअर सरावातही घाला, कारण नुकतंच चिकटलेलं आवरण थोड्या रगड्यानेही पुन्हा सुटू शकतं. कान जुना होऊन दगडासारखा कडक झाला असेल, तर सुईचा उपयोग उरत नाही. आकार सुधारायचा असल्यास वाढलेली कूर्चा तासण्याची शस्त्रक्रिया करतात, पण कान पूर्वीसारखा होईलच याची खात्री नसते.