कंपनीचं जुनं नाव आणि जुने दावे शोधताना या चुका टाळा

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीतल्या बचत गटाकडून कोकम सरबत घेऊन स्वतःच्या नावाने विकायला एक कंपनी तयार झाली. तिच्या वेबसाइटवर ठळक लिहिलं होतं, ‘1978 पासून, एकही प्रिझर्व्हेटिव्ह नाही’. बाटलीवर गटाचंही नाव जाणार होतं, म्हणून सही करण्याआधी गटातल्या बायकांनी मला कंपनीची जुनी पानं बघायला सांगितलं. मी इंटरनेटवरची जुनी पानं तारखेनुसार साठवून ठेवणारी साइट, वेबॅक मशीन, उघडली आणि पहिल्याच दिवशी चुकलो.

जून 2014 चं पान सापडलं. त्यावरच्या बाटलीच्या लेबलवर ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं स्पष्ट वाचता येत होतं. दावा जुनाच आहे, असं मी सांगून टाकलं. गटातल्या एका काकींनी स्क्रीनकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “अरे, वर नाव वेगळंच आहे आणि बाटलीवर मात्र आत्ताचं. असं कसं?”

वेबॅक मशीन पानाचा फोटो काढून ठेवत नाही. मजकूर वेगळा साठतो, चित्रं वेगळी, आणि प्रत्येकाची तारीख वेगळी असू शकते. पान दाखवताना त्या दिवसाचं चित्र साठ्यात नसेल, तर त्याच पत्त्याचं जवळच्या तारखेचं चित्र तिथे बसतं. कंपनीने `bottle.jpg` या जुन्याच नावाने नवा फोटो चढवला होता. वरच्या पट्टीतलं ‘About this capture’ उघडलं, तर प्रत्येक तुकड्याची तारीख दिसली. बाटलीचा फोटो 2019 चा निघाला.

2014 चा मजकूर तेवढाच बघायचा, तर पत्त्यातल्या चौदा आकड्यांमागे `id_` जोडायचं:

```
https://web.archive.org/web/20140612083015id_/http://example.com/products.html
```

हे आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ. वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची असते, म्हणून भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. इथे दुपारचे दोन झाले होते. असं उघडल्यावर मूळ मजकुरात घटकांची यादी मिळाली: कोकम, साखर, मीठ, जिरं आणि सोडियम बेंझोएट, म्हणजे आयएनएस 211. हे पटण्यासारखंही होतं. सल्फाइटने कोकमाचा लाल रंग फिका पडतो, त्यामुळे टिकवायला बहुधा बेंझोएटच घालतात.

पानाच्या तळाशी दिसणाऱ्या वर्षावरही विसंबू नका. पुष्कळ ठिकाणी ते स्क्रिप्टने आपोआप येतं, म्हणून त्यावरून पान कधीचं ते ठरत नाही. जुन्या पानावरच्या लिंकवर क्लिक केलं की तारीखही सरकते. प्रत्येक पान उघडल्यावर पत्त्यातले आकडे पुन्हा वाचा. मी दर पानाला ते वहीत लिहून घेतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे फक्त आत्ताच्या पत्त्यावर शोधणं. नाव बदललं की बऱ्याचदा डोमेनही बदलतं, आणि जुनी पानं जुन्याच पत्त्यावर राहतात. आम्हाला धागा मिळाला तो संपर्काच्या पानावर: ईमेल दुसऱ्याच डोमेनचा होता. त्या डोमेनची सगळी साठवलेली पानं अशी निघतात:

```
https://web.archive.org/web/*/example.com*
```

तिथे जुनं नाव आणि बेंझोएट घातलेली आणखी दोन सरबतं सापडली. पण डोमेन सुटून दुसऱ्याच कुणाकडेही जातं, त्यामुळे पत्ता जुळला म्हणजे कंपनी तीच, असं होत नाही. आम्ही दोन्ही साइटच्या तळाचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक, ताडून बघितला. 21 अक्षरांचा हा क्रमांक नुसतं नाव बदलल्याने बदलत नाही. दोन्हीकडे तोच होता, तेव्हा कुठे खात्री पटली.

सीआयएनमध्ये राज्याच्या दोन अक्षरांनंतर स्थापनेचं वर्ष असतं. तिथे 2011 होतं. लगेच ‘1978 खोटं’ असं म्हणायची घाई करू नका. त्याआधी घरचीच पेढी असू शकते, कोकणात असे कितीतरी धंदे पुढे कंपनी झाले. आम्ही 1978 च्या आसपासचं बिल किंवा परवाना मागितला.

पान साठ्यात नाही, याचा अर्थ ते कधी नव्हतंच असाही होत नाही. म्हणून कंपनीला पाठवलेल्या पत्रात आम्ही दिसलं तेवढंच लिहिलं: 12 जून 2014 च्या मजकुरात बेंझोएट आहे, 2019 च्या चित्रात ‘नाही’ आहे, बदल या दोन्हींच्या मध्ये कधीतरी झाला. पत्र टाकण्याआधी आत्ताचं पान ‘Save Page Now’ने साठवलं आणि सगळ्या पानांच्या प्रती स्वतःकडेही उतरवल्या, कारण मालकाच्या विनंतीवरून साठ्यातली पानं काढली जाऊ शकतात.

जुनं बिल आलं नाही. करारात 1978 चा उल्लेख गाळला गेला, आणि लेबलवर काय छापायचं ते गटाच्या लेखी संमतीनेच ठरेल, असं कलम आलं.