विषयवार टक्केवारीचा रडार आलेख कसा काढावा, आणि कोठे तो सोडून स्तंभालेख घ्यावा

आमच्याकडे पालक सभा साधारणपणे कापूस वेचणीच्या हंगामातच येते. आई-बाप वावरातून थेट शाळेत येतात आणि त्यांच्यापाशी वेळ थोडा असतो. अशा वेळी प्रत्येक मुलाचा रंगीत रडार आलेख काढा, म्हणजे त्याची सर्वांगीण प्रगती एका नजरेत कळते, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. या आलेखात प्रत्येक विषयाचा अक्ष एकाच मध्यबिंदूपासून बाहेर निघतो आणि अक्षांवरचे गुण रेषेने जोडून कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती होते. तो काढणे सोपे आहे, परंतु त्यातून जे कळते ते खरे असेलच असे नाही. पुढे दहावीच्या सहा विषयांचे उदाहरण घेतले आहे. एक्सेल वापरता येते असे येथे गृहीत धरले आहे.

पहिल्या स्तंभात विषय आणि दुसऱ्या स्तंभात टक्के लिहावेत. चाचणी 20 गुणांची आणि सत्र परीक्षा 80 गुणांची असेल, तर कच्चे गुण न घेता आधी टक्केवारी करून घ्यावी. दोन्ही स्तंभ निवडून Insert मधून Radar with Markers निवडावा. लिब्रेऑफिसमध्ये याच आलेखाचे नाव Net आहे. रंगाने भरलेला Filled Radar घेऊ नये, कारण त्यात डोळा गुणांकडे न जाता रंगाच्या पसाऱ्याकडे जातो.

यानंतर अक्षावरील आकड्यांवर दोनदा क्लिक करून Format Axis उघडावे आणि Minimum 0, Maximum 100, Major 20 असे स्वतः भरावे. हे भरले नाही तर संगणक प्रत्येक मुलासाठी वेगळे प्रमाण घेतो. ज्याचे सर्वाधिक गुण 52 आहेत त्याचा अक्ष 60 वर संपतो, ज्याचे 90 आहेत त्याचा 100 वर, आणि छापलेल्या कागदावर दोघांचे आलेख जवळजवळ सारखेच ऐसपैस दिसतात. पालक शेजारच्या मुलाचा कागद पाहतातच, म्हणून ही पायरी टाळू नये.

आता खरी अडचण. ती विषयांच्या क्रमाची आहे, आणि नेमके तिच्याबद्दल सल्ला देणारे काहीच बोलत नाहीत.

समजा, एका विद्यार्थिनीला मराठीत 90, हिंदीत 85, इंग्रजीत 40, गणितात 45, विज्ञानात 50 आणि सामाजिक शास्त्रांत 80 टक्के आहेत. एकूण 390, म्हणजे सरासरी 65. गुणपत्रिकेच्या या क्रमाने आलेख काढला, तर तीन चांगले विषय एका बाजूला एकत्र येतात, तीन कच्चे दुसऱ्या बाजूला, आणि एका अंगाने बसलेली पण भरीव आकृती तयार होते. आता तेच गुण मराठी, इंग्रजी, हिंदी, गणित, सामाजिक शास्त्रे, विज्ञान अशा क्रमाने मांडावेत. एकही गुण न बदलता तीन टोकांची काटेरी चांदणी दिसू लागते. पहिला आलेख पाहणारा म्हणेल की मुलीची भाषेची बाजू भक्कम आहे, आणि दुसरा पाहणारा म्हणेल की हिचा अभ्यास विस्कळीत आहे.

याचे कारण भूमितीत आहे. मध्यबिंदूपासून निघणाऱ्या दर दोन शेजारच्या अक्षांमध्ये एक त्रिकोण तयार होतो आणि त्याचे क्षेत्रफळ त्या दोन विषयांच्या गुणांच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणजे 90 च्या शेजारी 85 आले तर त्रिकोण मोठा होतो, 90 च्या शेजारी 40 आले तर लहान. सगळ्या विषयांत 100 मिळाले असते तर जी षट्कोनी आकृती झाली असती, तिचा किती भाग प्रत्यक्ष आकृतीने व्यापला हे पुढील सूत्राने पाहता येते. गुण B2 ते B7 मध्ये आहेत असे धरले आहे.

```
=(SUMPRODUCT(B2:B6,B3:B7)+B7*B2)/60000
```

गुणपत्रिकेच्या क्रमाने उत्तर 0.438 येते, म्हणजे सुमारे 44 टक्के. अदलाबदल केलेल्या क्रमाने 0.382, म्हणजे सुमारे 38 टक्के. आता वर्गातला दुसरा मुलगा घ्यावा, ज्याला सहाही विषयांत बरोबर 65 आहेत. त्याचीही बेरीज 390 च आहे, पण त्याचे उत्तर कोणत्याही क्रमाने सुमारे 42 टक्केच येते. म्हणजे एका क्रमात मुलगी त्याच्या पुढे दिसते, दुसऱ्या क्रमात मागे पडते, आणि प्रत्यक्षात दोघांची बेरीज समसमान आहे. विषय कोणत्या ओळीत लिहावेत हा कारकुनी निर्णय जर मुलाचा क्रमांक ठरवत असेल, तर असा आलेख पालकांच्या हाती देणे मला अजिबात मान्य नाही.

याच गणितातून दुसरी फसगत होते. सगळ्या विषयांत 80 टक्के असणाऱ्या मुलाची आकृती सगळ्यांत 40 असणाऱ्याच्या दुप्पट नसून चौपट मोठी होते, कारण क्षेत्रफळ वर्गाच्या पटीत वाढते. मागे असलेले मूल त्यामुळे आहे त्याहून कितीतरी मागे दिसते. शिवाय हिंदी आणि इंग्रजी यांना जोडणाऱ्या रेषेला स्वतःचा काहीच अर्थ नाही, कारण त्या दोन विषयांच्या मध्ये मोजण्यासारखे काही नसते. वर्षाचे बारा महिने किंवा वाऱ्याच्या दिशा खरोखरच गोलाकार फिरतात, म्हणून त्यांना ही मांडणी शोभते. विषयांना तसा नैसर्गिक क्रम नाही.

म्हणून आलेख छापण्यापूर्वी एक तपासणी करावी. विषयांच्या ओळी वरखाली करून पाहाव्यात. मनात उमटणारे मत बदलले, तर ते मत गुणांवरून झालेले नसून आकारावरून झालेले आहे असे समजून रडार आलेख बाजूला ठेवावा.

तो एकाच कामासाठी मी ठेवला आहे. एकाच मुलाच्या प्रथम सत्राच्या आणि द्वितीय सत्राच्या गुणांच्या दोन बाह्यरेषा, विषयांचा क्रम तोच, अक्ष 0 ते 100, आत रंग नाही. कोणत्या विषयात रेषा बाहेर सरकली आणि कोणत्या विषयात आत आली, हे तेथे चटकन दिसते. किती सरकली हे विचारायचे असेल तर मात्र जोडस्तंभालेखच घ्यावा. तिसऱ्या परीक्षेची रेषा घातली की नुसता गुंता होतो.

पालकांसमोर साधा आडवा स्तंभालेख ठेवावा. गेल्या सभेत एक वडील रडार आलेख उलटसुलट फिरवून पाहत होते आणि शेवटी म्हणाले, "सर, पोरगी गणितात पास हाये का नाई, थे सांगा." स्तंभालेखात हे विचारावेच लागत नाही, कारण सर्व पट्ट्या एकाच सरळ रेषेपासून सुरू होतात आणि लांबी डोळ्याला नीट जोखता येते. शिवाय पट्ट्या कोणत्याही क्रमाने लावल्या तरी कोणाचीही लांबी बदलत नाही. येथेही अक्ष 0 पासूनच सुरू करावा, नाहीतर 78 आणि 85 मधला फरक डोंगराएवढा दिसतो.

काढण्याची रीत थोडक्यात अशी: गुण उतरत्या क्रमाने लावावेत, Insert मधून Clustered Bar घ्यावा, आणि विषयांच्या अक्षावर Format Axis मध्ये Categories in reverse order वर खूण करावी, कारण तसे न केल्यास एक्सेल पहिला विषय सर्वांत खाली टाकते. आडवा आलेख अशासाठी की "विज्ञान आणि तंत्रज्ञान" हे लांब नाव तिरपे न होता सरळ वाचता येते. प्रत्येक पट्टीच्या टोकाला आकडा दिसू द्यावा. सगळ्या पट्ट्यांना एकच करडा रंग द्यावा, कारण शाळेतला प्रिंटर काळा-पांढराच असतो. उत्तीर्णतेची 35 ची उभी रेघ आडव्या आलेखात संगणकावर आणण्याची खटपट फार होते. त्यापेक्षा छापून झाल्यावर पट्टी ठेवून लाल पेनाने ती ओढावी.