खोली मोजायला निघण्याआधी: प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन

मेजर्ड ड्रॉइंगची, म्हणजे उभं असलेलं घर मोजून कागदावर काढायची, पहिली शीट मिळाली की बहुतेक जण आधी सीताबर्डीला जाऊन पेनं घेतात. पेनं नंतर घे. आधी एक गोष्ट डोक्यात बसव, कारण तीच बसली नाही तर खोली दोनदा मोजावी लागते. प्लॅन म्हणजे वरून दिसणारी खोली नव्हे. वरून पाहिलं तर गच्ची दिसेल, पाण्याची टाकी दिसेल, फार तर वाळत घातलेल्या कुरड्या. प्लॅनसाठी आपण घर आडवं कापतो, वरचा तुकडा उचलून बाजूला ठेवतो आणि उरलेल्यात डोकावतो. सेक्शनसाठी तेच घर उभं कापतो. म्हणजे ही दोन्ही चित्रं सुरीचीच आहेत. एलिव्हेशनमध्ये सुरी नाही. घराच्या एका बाजूसमोर उभं राहून जे दिसतं ते सरळ कागदावर घ्यायचं, आणि तेही लांबचं लहान न करता.

सुरी कशाला लागते ते दीक्षाभूमीवर जाऊन पाहा. 2001 साली खुला झालेला तो स्तूप आतून पोकळ आहे, लोक आत जातात. सांचीचा स्तूप भरीव आहे. एलिव्हेशन काढलंस तर दोन्हीकडे घुमटच येईल. सेक्शन काढला की एकात मोठी रिकामी जागा आणि दुसऱ्यात नुसती भरणी.

आता तुझी खोली. उदाहरणाला एक साधीच घेऊ, नागपुरात कुठल्याही घरामागे असते तशी. आतून पूर्व-पश्चिम 3600 मिलिमीटर, उत्तर-दक्षिण 3000. पूर्वेला दार, दक्षिणेला खिडकी, पश्चिमेला वर व्हेंटिलेटर, उत्तरेची भिंत कोरी. सोबत पाच मीटरचा टेप, लांब टेप, ओळंबा, आलेखाचा कागद आणि दोन रंगांची पेनं ने. एका रंगाने आडवी मापं लिही, दुसऱ्याने उंच्या. घरी आल्यावर ‘1200’ म्हणजे खिडकीची रुंदी की उंची, यावर रात्र जाणार नाही. या खोलीत तर दोन्ही 1200 च आहेत. सोबत्याला घेऊन जा, टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. आणि गच्चीवरची मापं सकाळीच उरक.

आतली मापं घे, मग बाहेरची. बाहेरून पूर्व-पश्चिम 4120 भरलं, तर 3600 वजा करून 520 उरतात, निम्मे 260. ही नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी टेपने पाहा, 260 च्या आसपास आली पाहिजे. नाही आली तर काहीतरी चुकीचं वाचलं आहेस, तिथेच पुन्हा मोज. खिडकीत कूलर अडकवलेला असेल तर घरच्यांना तो काढायला लावू नकोस. माप आतून घे. कूलर शीटवर काढू का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. नको काढू, तो घराचा भाग नाही. मे महिन्यात मात्र हे वाक्य घरमालकाला ऐकवू नकोस.

प्लॅनची सुरी फरशीपासून साधारण 1200 वर धर. या आकड्याला कारण आहे. खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, 900 वर आणि लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, 2100 वर आहे, म्हणून 1200 वर कापलं की सुरी खिडकीतून जाते आणि प्लॅनमध्ये खिडकी दिसते. 700 वर कापलंस तर दक्षिणेची भिंत अखंड निघेल, खिडकी गायब. कापलेली भिंत जाड रेषेने काढ. सुरीच्या खाली जे राहिलं, म्हणजे सिल, उंबरठा, बाहेरच्या पायऱ्या, ते बारीक रेषेने. सुरीच्या वर जे गेलं ते खरं तर उचलून बाजूला ठेवलं आहे, पण ते आहे हे सांगायला तुटक रेषा वापरतात. खिडकीवरचा 600 पुढे आलेला छज्जा तुटक, आणि 2100 च्या वर असलेला व्हेंटिलेटरही तुटक. दार उघडं दाखव आणि त्याच्या फिरण्याचा कंस काढ, म्हणजे दार कुठल्या भिंतीला लागतं ते कळतं. एवढं झालं की प्लॅनला जे सांगता येतं ते सांगून झालं. उंची त्याला ठाऊक नसते.

उंच्यांचं काम सेक्शनचं, आणि तिथे सगळ्यात जास्त मार्क जातात. मोजणीपूर्वीच ठरव की सुरी कुठून न्यायची. कोऱ्या भिंतीतून नेलीस तर सेक्शनमध्ये दोन काळे पट्टे आणि एक स्लॅब, बाकी काही नाही. आपण ती उत्तर-दक्षिण नेऊ, खिडकीच्या मधून. मग दक्षिणेची भिंत तुकड्यांत दिसते: सिलपर्यंत भिंत, मग मोकळी जागा, मग लिंटेल आणि त्यातून निघालेला छज्जा, वर पुन्हा भिंत.

ही सुरीची रेषा प्लॅनवर काढ, दोन्ही टोकांना नाव दे आणि बाण काढ. बाण म्हणजे कापल्यावर तू कुठे पाहतो आहेस ते. मी पहिल्या वर्षी बाण पूर्वेकडे काढला आणि सेक्शनमध्ये व्हेंटिलेटर काढला, जो पश्चिमेला होता. वर खिडकीही डावीकडे आली. सरांनी काही न बोलता प्लॅन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बाणाकडे तोंड करून उभा राहा.” उभा राहिलो. पूर्वेकडे तोंड केलं तर डावा हात उत्तरेला आणि उजवा दक्षिणेला. म्हणजे समोर दार हवं आणि खिडकीची कापलेली भिंत उजवीकडे. माझी शीट एका खोलीची नव्हतीच. तेव्हापासून ऑफिसातसुद्धा मी खुर्चीतून उठून दिशा बघतो. नवीन मुलं हसतात.

सेक्शनची अर्धी मापं टेपने मिळत नाहीत, वजाबाकीने मिळतात. स्लॅबची जाडी कुठूनही दिसत नाही. म्हणून पॅरापेटवरून, म्हणजे गच्चीच्या कठड्यावरून, टेपला ओळंबा बांधून बाहेर जमिनीपर्यंत सोड. समज 4670 आले. गच्चीवरून पॅरापेटची उंची 1000, आत फरशीपासून छतापर्यंत 3000, आणि जमिनीपासून फरशीपर्यंत जोतं 450. एकूण 4450. उरले 220. हा नुसता स्लॅब नाही. त्यात स्लॅब, वरचं वॉटरप्रूफिंग आणि खालचं प्लास्टर सगळं आलं. कुणी सांगितलं नसेल तर 220 चा एकच पट्टा काढ, मनाने तुकडे पाडू नकोस. पायाचंही तसंच. जमिनीखाली तू पाहिलेलं नाही, तर भिंत जमिनीच्या थोडी खाली नेऊन तुटीच्या खुणेने थांबव. पुस्तकातला पाया चिकटवला की सर पहिला प्रश्न विचारतील, “खणलास का?”

जोत्याचे 450 विसरणं ही दुसरी नेहमीची चूक. सिल आतून 900 आहे, पण बाहेर जमिनीवरून मोजलीस तर 1350. एलिव्हेशनमध्ये जमिनीची रेषा खाली असते, त्यामुळे सिल 1350 वरच हवी. शीट 1:50 ला असेल तर ती 27 मिलिमीटर. सेक्शनमध्येही जमिनीपासून 27 च. म्हणून शीटची मांडणी आधीच ठरव: प्लॅन खाली, त्याच्या नेमका वर दक्षिणेचा एलिव्हेशन, आणि त्याच जमिनीच्या रेषेवर शेजारी सेक्शन. प्लॅनमधून रुंद्या सेट स्क्वेअरने वर चढतात, सेक्शनमधून उंच्या टी-स्क्वेअरने आडव्या सरकतात. एलिव्हेशनसाठी जवळजवळ वेगळं मोजावंच लागत नाही. सिल, लिंटेल, पॅरापेट एका पट्टीत जुळले नाहीत तर चूक तिथेच उघडी पडते.

पायऱ्यांवर स्वतःची परीक्षा घे. जोतं 450 म्हणजे 150 च्या तीन उंच्या, पण पाय ठेवायच्या पायऱ्या दोनच. तिसरी उंची चढलास की फरशी. प्लॅनमध्ये पूर्वेला 300 चे दोन पट्टे दिसतील. पूर्वेच्या एलिव्हेशनमध्ये एकावर एक तीन आडवे पट्टे, कारण समोरून फक्त उंच्या दिसतात. दक्षिणेच्या एलिव्हेशनमध्ये उजव्या टोकाला पायऱ्यांचा दाते पडलेला आकार. आणि आपल्या सेक्शनमध्ये? काहीच नाही. तू खोलीच्या आत उभा राहून पूर्वेची भिंत पाहतो आहेस, पायऱ्या तिच्यापलीकडे आहेत. दार बंद काढलं असेल तर त्या दिसणार कुठून.

छज्ज्याचंही एकदा काढून पाहा. दक्षिणेच्या एलिव्हेशनमध्ये तो खिडकीवरची नुसती पट्टी आहे. 600 पुढे आला आहे की 60, कळायला मार्ग नाही. प्लॅनमधल्या तुटक रेषेत 600 दिसतात, पण तो किती उंचीवर आहे ते नाही. सेक्शनमध्ये दोन्ही एकत्र येतात, आणि मग ऊन काढता येतं. नागपूर साधारण 21 अंश उत्तरेला. डिसेंबरच्या शेवटी माध्यान्हीला सूर्य दक्षिणेकडे सुमारे 45 अंशांवर असतो. सेट स्क्वेअरची 45 ची बाजू छज्ज्याच्या बाहेरच्या खालच्या कडेला लाव आणि भिंतीपर्यंत रेषा ओढ. छज्ज्याची खालची कड लिंटेलच्या पातळीत, म्हणजे 2100 वर धर. सावली 600 खाली येते, 1500 पर्यंत. खिडकी 900 ते 2100. वरची अर्धी सावलीत, खालच्या अर्ध्यातून ऊन आत. मेच्या शेवटी तोच सूर्य माध्यान्हीला जवळजवळ डोक्यावर असतो, त्या वेळी या खिडकीतून थेट ऊन येतच नाही. तापतं ते छत, आणि तेही सेक्शनमधल्या त्या 220 च्या पट्ट्यातूनच खाली येतं.

निघण्याआधी तिथेच, आलेखाच्या कागदावर, तिन्ही चित्रं हाताने काढ. मापाला नसली तरी चालतील. शेजारच्या काकू विचारतीलच, “काय मोजून राह्यला रे बाबू, घर विकून राह्यले का?” त्यांना उत्तर दे आणि कागदाकडे पाहा: सेक्शनमध्ये जिथे आकडा लिहिता येत नाही, तो अजून मोजलेला नाही. बहुतेक वेळा तो लिंटेलच्या वरच्या भिंतीचा असतो.