टीबीच्या गोळ्या चालू असताना या चुका टाळा

टीबीचं औषध सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागायला लागते. मुंबईतल्या कितीतरी घरांत गोळ्या सुटतात त्या नेमक्या याच सुमारास.

समजा, लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या गृहस्थांना फुफ्फुसाचा टीबी निघाला. वजन 52 किलो, म्हणून सरकारी योजनेतल्या मोठ्यांच्या एकत्रित गोळ्या रोज चार. पहिले दोन महिने त्यांत चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून बाकीची तीन. दुसरा महिना संपेपर्यंत गृहस्थांचं वजन वाढलेलं असतं, कामावर जाणं सुरू झालेलं असतं. घरचेही म्हणतात, "आता बरं वाटतंय ना, मग कशाला एवढ्या गरम गोळ्या?"

बरं वाटतं, कारण भराभर वाढणारे जंतू सुरुवातीलाच मरतात. पण काही जंतू जवळजवळ निपचित पडून असतात आणि औषधाला दाद द्यायला महिने लावतात. उरलेले चार महिने असतात ते त्यांच्यासाठी. मध्येच थांबलं तर हेच जंतू पुन्हा वाढतात आणि काही महिन्यांत खोकला परत येतो.

जंतूंनी औषधाला दादच न देणं म्हणजे प्रतिरोध. गोळ्या चुकवल्याने तोही होऊ शकतो, तो असा. फुफ्फुसात टीबीची पोकळी झाली असेल तर तिथे कोट्यवधी जंतू असतात. त्यांतला दहा लाखांत एखादा जन्मतःच आयसोनियाझिडला दाद न देणारा असतो. रिफॅम्पिसिनच्या बाबतीत असे जंतू त्याहून खूपच विरळ. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू सापडणं जवळपास अशक्य, म्हणूनच औषधं एकत्र देतात. बाहेरच्या दुकानातून घेतलेल्या औषधांत कधी कधी गोळ्या सुट्या असतात आणि "ही एक पोटात जळजळ करते" म्हणून माणूस तेवढी गोळी बाजूला ठेवतो. मग उरलेल्या औषधांतून वाचणारे जंतू जगतात, वाढतात, आणि कालांतराने सगळी वस्ती त्यांचीच होते. कधी घ्यायच्या, कधी विसरायच्या, चारच्या जागी दोनच घ्यायच्या, यानेही तेच घडतं. दहा बाय बाराच्या खोलीत शेजारी झोपणाऱ्या नातवाला मग हाच प्रतिरोधक टीबी थेट लागू शकतो. त्याने आयुष्यात एकही गोळी चुकवलेली नसते.

लघवी लालसर-नारिंगी झाली की रक्त जातंय असं वाटून औषध बंद करणारे बरेच असतात. तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे, त्याने काही बिघडत नाही. मळमळ होत असेल तर गोळी सोडण्याऐवजी ती केव्हा आणि कशी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, त्यावर उपाय असतो. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर धूसर झाली, लाल-हिरवा रंग ओळखता येईना, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. यकृताला किंवा डोळ्यांना त्रास झाल्याची ही लक्षणं असू शकतात. कोणतं औषध थांबवायचं आणि पुन्हा केव्हा सुरू करायचं, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

गणपतीला कोकणात गेल्यावर गोळ्या संपणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट. निघण्याआधी पालिकेच्या दवाखान्यात सांगा: तिकडे किती दिवस राहणार, गाव कोणतं. निक्षय ही टीबी रुग्णांची सरकारी नोंदणी देशभर चालते, त्यामुळे तिथल्या सरकारी केंद्रातून औषध मिळण्याची सोय करता येते. खंड पडलाच तर दुप्पट गोळ्या घेऊन भरपाई करू नका. किती दिवस चुकले ते खरं सांगा. गरज पडल्यास बेडका पुन्हा तपासतात. रिफॅम्पिसिन चालतं की नाही हे सीबीनॅट यंत्र दोनेक तासांत सांगतं. प्रतिरोध निघाला तर औषधं बदलतात. आता काहींना सहा महिन्यांचा नवा कोर्स देता येतो, पूर्वी तो दीड-दोन वर्षं चालायचा. पण ही औषधं जास्त त्रासदायक असतात.

एक चूक टीबी कळण्याआधीच होते. खोकला जाईना म्हणून केमिस्टकडून परस्पर लिव्होफ्लॉक्सॅसिन आणायचं, पाच दिवस घ्यायचं, थोडं बरं वाटलं की सोडायचं. हे औषध टीबीच्या जंतूंवरही चालतं. त्यामुळे आजार काही काळ दबतो, निदान लांबतं, आणि प्रतिरोधक टीबीत उपयोगी पडणारं हेच औषध आधीच निकामी होऊ शकतं. घशाच्या किंवा लघवीच्या साध्या संसर्गात डॉक्टर हल्ली कोर्स छोटाही ठेवतात, आणि सर्दीसारख्या विषाणूच्या आजारात अँटिबायोटिक लागतच नाही. टीबीला मात्र या छोट्या कोर्सचा नियम लावू नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की आधी बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.