रात्रीचा जन्म आणि विवाहबिंदू : माझी चूक कोठे झाली

ज्यांना सायन पत्रिका मांडता येते, भाव, भावेश आणि दृष्टी यांची ओळख झाली आहे, पण लग्न आणि ग्रहांच्या अंशांवरून काढल्या जाणाऱ्या अरबी बिंदूंना ज्यांनी नुकताच हात घातला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. जोडीदाराचे वर्णन करणारा विवाहबिंदू शिकताना माझ्या हातून जी चूक झाली, ती एका माणसाला भोवली आणि ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही. म्हणून बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगून त्या एका चुकीपाशीच मी जास्त वेळ थांबणार आहे.

या बिंदूंना अरबी म्हणण्याची रीत पडली असली तरी त्यांचे मूळ ग्रीक ज्योतिषात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ज्योतिषी डोरोथिअस याचा ग्रंथ आपल्यापर्यंत मुख्यतः अरबी भाषांतरातून पोहोचला. त्यात विवाहबिंदूची कृती सरळ दिली आहे. पुरुषाच्या पत्रिकेत शनीपासून शुक्रापर्यंतचे अंतर राशिक्रमाने मोजावे आणि तेवढेच अंतर लग्नापासून पुढे टाकावे. स्त्रीच्या पत्रिकेत शुक्रापासून शनीपर्यंत मोजून तसेच करावे. सूत्राच्या रूपात पुरुषासाठी लग्न + शुक्र − शनी, आणि स्त्रीसाठी लग्न + शनी − शुक्र. उत्तर ३६० च्या वर गेले तर ३६० वजा करावेत, शून्याच्या खाली गेले तर ३६० मिळवावेत.

आता सापळा. फॉर्च्युना हा भाग्याचा बिंदू काढताना आपण दिवसाच्या जन्माला लग्न + चंद्र − रवी करतो आणि रात्रीच्या जन्माला रवी-चंद्रांची अदलाबदल करतो. स्पिरिट आणि इरॉस हे बिंदूही रात्री उलटतात. त्यामुळे शिकणाऱ्याच्या मनात असे पक्के बसते की रात्र म्हटली की सूत्र उलटायचेच. डोरोथिअसचा विवाहबिंदू मात्र दिवसा आणि रात्री एकच राहतो. तो बदलतो तो जातक पुरुष आहे की स्त्री यावरून. रात्री जन्मलेल्या पुरुषाचे सूत्र तुम्ही सवयीने उलटले, तर हाती येणारा अंश हा किंचित चुकलेला विवाहबिंदू नसतो, तो तंतोतंत स्त्रीच्या पत्रिकेचा बिंदू असतो. म्हणजे गणित बरोबर, वजाबाकी बरोबर, आणि वर्णन मात्र भलत्याच जोडीदाराचे.

मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी सांगितले होते की बिंदू सॉफ्टवेअर काढून देते, आपण फक्त फलिताकडे लक्ष द्यावे. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये रात्री सर्व बिंदू उलटण्याची एकच खूण होती आणि ती आधीपासून लावलेली होती. मी ती कधी उघडून पाहिली नाही. माझे स्पष्ट मत आहे की जो गुरू पहिल्या दहा पत्रिकांची वजाबाकी विद्यार्थ्याकडून हाताने करून घेत नाही, त्याच्याकडे बिंदू शिकू नयेत, मग त्याचे फलित कितीही जुळत असो.

चूक उशिरा का कळली, तेही सांगतो, कारण तुमच्याही बाबतीत ती अशीच लपून राहील. माझ्या पहिल्या पत्रिकांपैकी बहुतेक दिवसाच्या जन्माच्या होत्या, त्यामुळे ती खूण तेथे लागूच झाली नाही. रात्रीची एक पत्रिका होती, पण तीत शुक्र आणि शनी एकमेकांपासून तीन अंशांवर होते. अशा वेळी दोन्ही बिंदू लग्नाच्या अलीकडे-पलीकडे तीन-तीन अंशांवर पडतात, बहुधा एकाच राशीत, आणि राशीस्वामी तोच निघतो. दोघे समोरासमोर असले तर दोन्ही बिंदू सप्तमाच्या आरंभापाशी एकत्र येतात. याउलट शुक्र-शनीत ९० अंशांचे अंतर असले तर ते बरोबर एकमेकांसमोर जातात. म्हणजे युती आणि प्रतियोग असलेल्या पत्रिकांत ही चूक दिसतच नाही, आणि मला त्याच पत्रिकांनी धीर दिला.

ज्या पत्रिकेने ती उघडी पाडली ती माझ्या मावसभावाची. यवतमाळ जिल्ह्यातील कापूसपट्ट्यातले आमचे गाव, आणि याचा जन्म रात्री पावणेआठच्या सुमारास झाला. लग्न मिथुन १० अंश, म्हणजे मेषारंभापासून ७० अंश. शुक्र तूळ २४, म्हणजे २०४. शनी कुंभ २४, म्हणजे ३२४. रवी वृश्चिकेत, षष्ठात, क्षितिजाखाली, तेव्हा जन्म निश्चित रात्रीचा. सॉफ्टवेअरने सूत्र उलटून ७० + ३२४ − २०४ = १९० हा अंश दिला, म्हणजे तूळ १०. स्वामी शुक्र, तोही तूळेतच, स्वगृही, पंचमात. त्याच्याजवळ तूळेच्या शेवटच्या अंशांत गुरू, आणि मिथुन लग्नाला सप्तमेश गुरूच. मला यापेक्षा स्वच्छ पत्रिका दिसली नव्हती. मी मावशीला सांगितले की मुलगी हसरी, कलेची आवड असलेली, वयाने लहान आणि बहुधा ओळखीतून जुळणारी असेल.

त्याच हंगामात गोंदियाकडच्या धानपट्ट्यातून एक स्थळ आले होते. मुलगी परिचारिका होती, भावापेक्षा दोन वर्षांनी मोठी, वडील गेल्यापासून घर सांभाळणारी, बोलण्यात मोजकी. मावशीने मला विचारले आणि मी पत्रिकेतला तूळ १० दाखवून सांगितले की हे वर्णन जुळत नाही. कापूस वेचणीला आला होता, घरात माणसांची वर्दळ होती, आणि एवढ्या बोलण्यावर ते स्थळ मागे पडले.

पुढच्या उन्हाळ्यात एका मुलीची रात्रीच्या जन्माची पत्रिका हाताने मांडताना माझे उत्तर सॉफ्टवेअरशी जुळेना. तीन वेळा वजाबाकी केली तेव्हा कळले की सॉफ्टवेअर तिला पुरुषाचा बिंदू देत आहे. त्याच रात्री मी भावाची पत्रिका परत काढली. ७० + २०४ − ३२४ = −५०, त्यात ३६० मिळवून ३१०, म्हणजे कुंभ १०. स्वामी शनी, कुंभेतच, स्वगृही, नवमात. परंपरेने शनी म्हणजे वयाने मोठी, जबाबदारी पेललेली, मितभाषी व्यक्ती, आणि नवम म्हणजे दूरचा मुलूख. मी नाकारायला लावलेल्या मुलीचे वर्णन माझ्याच वहीत लिहिले गेले होते. मावशीकडे जाऊन मी चूक सांगितली. ती एवढेच म्हणाली, "मंग तिचं लगन त झालं ना बापू आता." तिचे खरेच झाले होते.

या पत्रिकेत बिंदूचे वाचन कसे करायचे ते थोडे उलगडून सांगतो, कारण नवखी मंडळी राशीवरच थांबतात. राशीपेक्षा तिच्या स्वामीला जास्त महत्त्व द्यावे. तो कोठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, आणि मुख्य म्हणजे तो बिंदूला पाहतो का, हे आधी तपासावे. बिंदूच्या राशीपासून दुसऱ्या, सहाव्या, आठव्या किंवा बाराव्या राशीत बसलेला स्वामी बिंदूला पाहत नाही, आणि मग त्या वर्णनाला आधार कमी राहतो. येथे शनी बिंदूच्याच राशीत आहे, त्यामुळे त्याचा आधार पूर्ण आहे. मात्र शनी हा दिवसाच्या पक्षाचा ग्रह, त्यामुळे रात्रीच्या पत्रिकेत तो विरुद्ध पक्षाचा पापग्रह ठरतो, म्हणून विलंब आणि थंडपणा या बाजू जास्त जाणवतात. त्यावर तूळेतले शुक्र आणि गुरू कुंभेला नवपंचमातून पाहतात. म्हणजे सप्तमेश गुरू आणि विवाहाचा कारक शुक्र हे दोघेही शनीच्या पाठीशी आहेत. पहिल्या चुकीच्या वाचनात मी यांनाच पुरावा मानले होते. ते खोटे नव्हते, फक्त मुख्य वर्णन त्यांचे नव्हते. गंभीर स्वभावावर मायेचा हात, असे ते वाचायला हवे होते.

चूक ओळखण्याची एक सोपी खूण मला पुढे सापडली आणि ती मी प्रत्येक पत्रिकेला लावतो. पुरुषाचा आणि स्त्रीचा बिंदू लग्नाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असतात, म्हणून त्यांची बेरीज लग्नाच्या दुपटीइतकी यायला हवी. येथे ३१० + १९० = ५००, त्यातून ३६० गेले की १४०, आणि ७० ची दुप्पट १४०. बेरीज जुळली म्हणजे गणित बरोबर आहे. उरलेला प्रश्न एवढाच की दोघांपैकी कोणता अंश या जातकाचा आहे, आणि त्याचे उत्तर सॉफ्टवेअरला नव्हे, तुम्हालाच द्यायचे आहे. सॉफ्टवेअरचा अंश हाताने काढलेल्या दुसऱ्या अंशाशी जुळला तर उलटण्याची खूण लागलेली आहे. दोन्हींशी जुळला नाही तर सूत्रच वेगळे आहे असे समजावे, कारण विवाहबिंदू या एका नावाखाली आज अनेक सूत्रे फिरत आहेत. लग्न + सप्तमारंभ − शुक्र हे त्यांपैकी एक. भावाच्या पत्रिकेत ते ७० + २५० − २०४ = ११६, म्हणजे कर्क २६ देते आणि वर्णन चंद्राकडे जाते. दुसऱ्या शतकातील ग्रीक ज्योतिषी व्हेटिअस व्हॅलेन्स पुरुषासाठी रवीपासून शुक्रापर्यंत मोजतो. कोणतेही एक घ्या, पण वर्षभर तेच वापरा. जुळेल ते सूत्र निवडत बसलात तर प्रत्येक जोडीदार जुळेल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

आपल्याकडे पंचांगातून निरयन अंश घेण्याची सवय असते, त्याची मात्र फार धास्ती घेऊ नका. शुक्र आणि शनी दोन्ही निरयन घेतले तरी अयनांश वजाबाकीत निघून जातो. लग्न मात्र सायन हवे, आणि स्वामी कोठे बसला आहे तेही सायन पत्रिकेतच पाहावे.

जन्मवेळेची बाब अधिक अवघड आहे. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकते आणि बिंदू त्याच्याबरोबर तेवढाच सरकतो. खेड्यात 'गुरं घरी आल्यावर' किंवा 'शेवटची यष्टी गेल्यावर' अशा वेळा सांगितल्या जातात, आणि दवाखान्याच्या कागदावरही पुष्कळदा पूर्ण तासच लिहिलेला असतो. वीस मिनिटांचा फरक म्हणजे सुमारे पाच अंश. भावाचा बिंदू कुंभ १० वर आहे, तेव्हा वेळ वीस मिनिटे इकडे-तिकडे झाली तरी राशी टिकते. हाच बिंदू राशीच्या पहिल्या तीन-चार अंशांत किंवा शेवटच्या तीन-चार अंशांत आला तर मी दोन्ही स्वामी लिहून ठेवतो आणि घरच्यांना वर्णन सांगत नाही.

मावशीने या दिवाळीत धाकट्याची पत्रिका माझ्यापुढे ठेवली. तोही रात्रीच जन्मलेला. मी वहीच्या पानावर आधी 'पुरुष, रात्र' असे लिहिले, त्याखाली दोन्ही अंश शेजारी-शेजारी काढले, बेरीज लग्नाच्या दुपटीशी ताडून पाहिली आणि चुकीच्या अंशावर रेघ मारली. मग मावशीला सांगितले की आलेले प्रत्येक स्थळ आधी स्वतः पाहून या, आणि माझी वही नंतर उघडा.